नाण्यांवरून राजाचा काळ ठरवताना या चुका टाळा

उत्तर गुप्तकाळाबद्दल मला सर्वाधिक तपासावे लागतात ते राजांचे तक्ते. कुमारगुप्त पहिला, स्कंदगुप्त, पुरुगुप्त, नरसिंहगुप्त, दुसरा कुमारगुप्त, बुधगुप्त अशी एकाखाली एक नावे आणि प्रत्येकापुढे 'पासून–पर्यंत' सनावळी. या काळाला पुराणे जवळजवळ निरुपयोगी आहेत. चिनी यात्रेकरू ह्युएन त्संगने ऐकलेला क्रम वेगळाच आहे. म्हणजे भिस्त उरते ती नाणी, मुद्रा आणि मोजक्या कोरीव लेखांवर. ही साधने बोलतात, पण विचारले तेवढेच. नवखे अभ्यासक त्यांच्या तोंडी जास्तीचे शब्द घालतात.

मुद्रेवरची वंशावळ म्हणजे राजांची यादी नव्हे

ही चूक मला सर्वात जास्त सलते, कारण तिने थोरामोठ्यांनाही काही काळ चकवले.

गाझीपूर जिल्ह्यातल्या भितरी येथे 1889 मध्ये तांबे-चांदीच्या मिश्रधातूची एक राजमुद्रा उजेडात आली. तिच्यावर कुमारगुप्त पहिला, त्याचा मुलगा पुरुगुप्त, त्याचा नरसिंहगुप्त आणि त्याचा कुमारगुप्त अशी परंपरा आहे. स्कंदगुप्ताचे नाव नाही. गंमत म्हणजे त्याच भितरीत स्कंदगुप्ताचा स्तंभलेख उभा आहे. मुद्रा काढणारा राजा आपला बाप, आजा, पणजा सांगतो, आई-आजीची नावेही घालतो. चुलत आजोबाने राज्य केले की नाही, हे सांगणे त्या मुद्रेचे कामच नाही.

पुढे सारनाथला बुद्धमूर्तींवरचे लेख मिळाले. गुप्त संवत 154, म्हणजे इ.स. 473–74 मध्ये राजा कुमारगुप्त. 157, म्हणजे 476–77 मध्ये बुधगुप्त. अनेकांनी सारनाथचा कुमारगुप्त आणि भितरी मुद्रेचा कुमारगुप्त एकच धरला. आता हिशेब पाहा. स्कंदगुप्ताचे शेवटचे ज्ञात वर्ष त्याच्या चांदीच्या नाण्यावरचे 148, म्हणजे 467–68. त्यानंतरच्या सहा वर्षांत पुरुगुप्ताने राज्य करायचे, त्याच्या मुलाने करायचे आणि नातवानेही गादीवर यायचे. तिसऱ्या वर्षी नातूही संपायचा. अशक्य नाही, पण इतकी दाटी दिसली की गृहीतकाकडे मागे वळून पाहायला हवे.

नालंद्याच्या उत्खननात बुधगुप्ताची मातीची मुद्रा मिळाली आणि तिने त्याच्या बापाचे नाव सांगितले: पुरुगुप्त. म्हणजे बुधगुप्त आणि नरसिंहगुप्त भाऊ. मग नरसिंहगुप्ताचा मुलगा 473 मध्ये राज्य करतो आणि तीन वर्षांनी काका गादीवर येतो, ही मांडणी फारच ओढाताणीची होते. सरळ उलगडा असा की कुमारगुप्त दोन आहेत. सारनाथचा तो दुसरा, ज्याचा बाप कोण हे कोणत्याही मुद्रेवर नाही. भितरी मुद्रेचा तो तिसरा, बुधगुप्तानंतरच्या पिढीतला. नालंद्यालाच या तिसऱ्याच्या मुलाची, विष्णुगुप्ताची मुद्रा मिळाली आणि वंशाची ती शाखा पुढे सरकली.

सोन्याच्या नाण्यांचीही साक्ष जुळते. 'क्रमादित्य' बिरुदाची कुमारगुप्ताची धनुर्धारी नाणी दोन गटांत पडतात. एका गटातले सोने बरेच चांगले आहे, दुसऱ्यात ते जेमतेम निम्मे. एकाच राजाच्या दोन-तीन वर्षांत एवढी घसरण मानण्यापेक्षा दोन राजे मानणे मला योग्य वाटते. मात्र हा पुरावा जोडीला घ्यायचा. कस घसरला म्हणून नाणे उशिराचे, एवढ्यावर कुणी राजाचा काळ ठरवू लागला की मी तिथेच थांबवतो. टाकसाळ बदलली तरी कस बदलतो.

हे सगळे माहीत असूनही गेल्या एका चर्चासत्रात एका अभ्यासकाने पडद्यावर दाखवले: पुरुगुप्त 467–469, नरसिंहगुप्त 469–472. आधार विचारला तर एक जुने हस्तपुस्तक. त्या पुस्तकात या आकड्यांआधी 'सुमारे' होते आणि त्याची कारणेही दिली होती. तक्त्यात उतरवताना दोन्ही गळाले. घाई असते, मान्य आहे. पण तयार सनावळी उचलणाऱ्याने मुद्रा वाचलेली नसते, हे लगेच कळते.

माझी सवय अशी: मुद्रेवरून फक्त झाडाची फांदी काढायची, त्यावर एकही सन लिहायचा नाही. सन नाण्यांवरून आणि लेखांवरून वेगळ्या कागदावर. दोन्ही कागद स्वतंत्रपणे पुरे झाल्यावरच शेजारी ठेवायचे. जिथे जुळणी फक्त नावाच्या सारखेपणावर टेकते, तिथे लाल पेन्सिलीची खूण.

पहिले नाणे म्हणजे राज्यारोहण नव्हे, शेवटचे म्हणजे मृत्यू नव्हे

कुमारगुप्त पहिल्याचे शेवटचे चांदीचे नाणे गुप्त संवत 136 चे. स्कंदगुप्ताच्या जुनागढ लेखात सुदर्शन तलाव फुटल्याचे वर्ष 136 आणि तेव्हा राज्य स्कंदगुप्ताचे. इथे दोन्ही बाजूंनी पुरावा एकाच वर्षात येऊन भिडतो, म्हणून सत्तांतर 455 च्या सुमारास झाले असे ठामपणे म्हणता येते. दुसऱ्या टोकाला 148 नंतर थेट 154 आहे. मधल्या वर्षांत स्कंदगुप्त जिवंत होता की नाही, हे नाणे सांगत नाही. दोन्ही टोके सारख्याच खात्रीने लिहिणे चूक आहे. पहिल्यापुढे मी 'इ.स. 455–56' लिहितो, दुसऱ्यापुढे 'किमान 467–68 पर्यंत, 473–74 पूर्वी'. 'किमान' हा शब्द लिहायला कंटाळा करू नका.

कापलेला आकडा पूर्ण समजू नका

ही चांदीची नाणी दोन ग्रॅमच्या आसपास वजनाची आणि नखाएवढी असतात. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने कडेचे अक्षर किंवा अंक बाहेर जातो. मध्य भारतीय मोरछाप नाण्यांवर वर्ष राजाच्या चेहऱ्यासमोर, शंभर, दशक, एकक अशा वेगवेगळ्या चिन्हांनी खाली उतरत जाते. एकक कापला गेला तर 140 वाचायचे नाही, '140 ते 149' वाचायचे. ब्राह्मी एक, दोन, तीन म्हणजे आडव्या रेघा, त्यामुळे कडेला एकच रेघ दिसली तर तो एक असेलच असे नाही. एका तरुणाने असे '141' वाचून त्यावर लेख रचला होता. त्याच ठशाचे दुसरे नाणे, जे थोडे वर सरकून पडले होते, ते शोधल्यावर खाली आणखी एक रेघ निघाली. लेखाचा कणाच गेला. लिलावाच्या एका छायाचित्रावर विसंबू नका, त्याच ठशाची भावंडे शोधा. ती सापडली नाहीत तर वर्ष कंसात लिहा.

आणि काही छोट्या चुका

गुप्त संवतात 319 मिळवून एकच इसवी सन लिहू नका. संवताचे वर्ष दोन इसवी वर्षांत पसरते, म्हणून 148 म्हणजे 467–68.

राजा गेल्यावरही टाकसाळीत त्याच्या नावाने नाणी पडू शकतात, तेव्हा एकाच नाण्यावरच्या उशिराच्या वर्षाला दुसऱ्या पुराव्याचा टेकू शोधा.

कुठे सापडले याची नोंद नसलेली मुद्रा वंशावळीत घेऊ नका, मजकूर कितीही मोहक असला तरी. नालंद्याच्या मुद्रांचे वजन त्या उत्खननात मिळाल्या म्हणून आहे. बाजारात हातोहात फिरलेल्या मुद्रेवर नवे राजनाव दिसले तर आधी मजकुराचे वळण आणि अक्षरे माहीत असलेल्या मुद्रांशी ओळीगणिक ताडून पाहा. एखादा मुलगा नव्याने जोडला असेल तर बहुधा तो नेमका तिथेच असतो, जिथे अभ्यासकांची पोकळी भरायची आहे.