स्कॅनच्या रंगद्रव्याआधी मेटफॉर्मिन का थांबवतात?

मधुमेहावरचं मेटफॉर्मिन किडनी बिघडवतं म्हणून ते थांबवतात, हा गैरसमज आहे. ही गोळी शरीरात न बदलता लघवीवाटे बाहेर पडते. सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीच्या आयोडीनयुक्त रंगद्रव्याने, म्हणजे कॉन्ट्रास्टने, किडनी मंदावली, तर औषध रक्तात साचतं आणि क्वचित लॅक्टिक अॅसिडोसिस होतो, म्हणजे रक्तात लॅक्टिक आम्ल वाढतं. तो जिवावर बेतू शकतो.

ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते ते सांगणारा आकडा, ६०च्या वर असेल, तर शिरेतून कॉन्ट्रास्ट देताना गोळी सहसा थांबवावी लागत नाही. ३० ते ६०मध्ये डॉक्टरांगणिक मत बदलतं. धमनीतून कॉन्ट्रास्ट जाणार असेल, तर बहुतेक जण थांबवतातच.

किडनी मंदावली की रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं. समजा, ते १.४ असलेल्या रुग्णाची अँजिओग्राफी सोमवारी सकाळी दहाला झाली. त्या सकाळपासून गोळी बंद. बुधवारी दहानंतर पुन्हा क्रिएटिनिन तपासायचं. ते १.४च्या आसपासच असेल, तर डॉक्टर गोळी सुरू करतात, १.८ आलं, तर नाही. नुसते ४८ तास मोजून स्वतःहून सुरू करू नका, चूक इथेच होते. मधल्या काळात साखर घरी तपासत राहा.

आणि हो, ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्याच दुसऱ्या औषधासोबतच्या जोडगोळीतही मेटफॉर्मिन असतं. पाकिटावरची नावं वाचून डॉक्टरांना आधीच सांगा.