कॅफेच्या वायफायवर बँकेचं खातं बघायचं असेल तर असं बघा

मागच्या महिन्यात मावशीचा फोन आला. ठाण्यात एका कॅफेत बसली होती, समोर लॅपटॉप, एफडी त्याच दिवशी मॅच्युअर होणार होती आणि तिला ती रिन्यू करायची होती. आत मोबाईलची रेंज जेमतेम, कॅफेचं वायफाय मात्र फुल आणि पासवर्डशिवाय उघडं. म्हणाली, "अगं बँकेचं इथे उघडू का, की घरी जाऊन बघू? फ्री वायफायवर पैसे जातात म्हणतात ना सगळे."

मी तिला उघड म्हटलं, पण फोन ठेवू दिला नाही, कारण कुठे बघायचं हे माहीत असेल तर तिथे खातं बघणं सुरक्षित आहे आणि माहीत नसेल तर घरच्या वायफायवरसुद्धा फसायला होतं. तिला जे सांगितलं तेच नीट लिहून काढतेय.

आधी ही भीती आली कुठून ते बघू, कारण ती उगाच नव्हती. 2010 मध्ये फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक एक्स्टेन्शन आलं होतं, ते टाकून कुणीही कॅफेत बसायचं आणि त्याच उघड्या वायफायवरच्या दुसऱ्या माणसाच्या फेसबुक खात्यात एका क्लिकवर शिरायचं. हे जमायचं कारण तेव्हा बऱ्याच साइट फक्त लॉगिनचं पान कुलूपबंद करायच्या आणि पुढचं सगळं उघडं पाठवायच्या. आज बँकेचं प्रत्येक पान https वर असतं, बाकीच्याही बहुतेक साइट तशाच झाल्यात. अमेरिकेचा ग्राहकांसाठीचा सरकारी विभाग एफटीसीसुद्धा आता सांगतो की सार्वजनिक वायफाय वापरणं सहसा सुरक्षित असतं, आणि कारण हेच देतो की एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती कुलूपबंद करून पाठवणं, सगळीकडे आलंय.

https नेमकं काय करतं ते समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. वायफायला पासवर्ड नाही म्हणजे तुमचा लॅपटॉप आणि कॅफेचा राऊटर यांच्यामधल्या हवेला कुलूप नाही, एवढंच. पण https चं कुलूप तुमच्या ब्राउझरमध्ये लागतं ते थेट बँकेच्या सर्व्हरवरच उघडतं, मधला राऊटर फक्त हमाल, गाठोडं उचलायचं आणि पुढे द्यायचं, आत काय आहे ते त्याला दिसत नाही. कॅफेवाल्याला किंवा शेजारच्या टेबलवरच्या माणसाला फार तर एवढं कळू शकतं की तुम्ही अमुक बँकेची साइट उघडलीय, किती वाजता आणि साधारण किती डेटा गेला. पासवर्ड, बॅलन्स, खातं नंबर यातलं काही नाही.

कुलपाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे ओळख. समोरचा सर्व्हर खरंच बँकेचा आहे का हे ब्राउझर सर्टिफिकेटवरून तपासतो. राऊटर ज्याच्या हातात आहे तो तुम्हाला भलत्याच सर्व्हरकडे वळवू शकतो, पण बँकेच्या नावाचं खरं सर्टिफिकेट आणि त्याची गुप्त किल्ली त्याच्याकडे नसते, मग ब्राउझर पान उघडायच्या आधीच बोंब मारतो. तुम्हाला वाचवणारी गोष्ट ही आहे, वायफायचा पासवर्ड नाही. (पासवर्ड भिंतीवरच्या बोर्डावर लिहिलेला असेल तर तो चोरालाही दिसतोच की.)

पहिली पायरी: वायफायच्या लॉगिन पानाला मोबाईल नंबरच्या पलीकडे काही देऊ नका

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वायफायला जोडलं की एक पान येतं, मोबाईल नंबर विचारतं, ओटीपी पाठवतं. एवढं ठीक आहे. पण ओटीपी टाकण्याआधी मेसेज पूर्ण वाचा, तो वायफायचाच आहे ना, कारण बँकेचा ओटीपी त्या चौकटीत टाकला की कुठलंही कुलूप कामाचं नाही. आणि ते पान जीमेलचा पासवर्ड, कार्ड नंबर मागायला लागलं, किंवा एखादं ॲप, प्रोफाइल, सर्टिफिकेट इन्स्टॉल करा म्हणालं तर तिथेच वायफाय बंद करा. सर्टिफिकेटचं तर विशेष, कारण ते टाकलं की वर सांगितलेली ओळख तपासणारी व्यवस्थाच तुम्ही स्वतःच्या हाताने दुसऱ्याला देता.

ऑस्ट्रेलियातलं एक प्रकरण इथे सांगण्यासारखं आहे. एप्रिल 2024 मध्ये देशांतर्गत विमानात एक संशयास्पद वायफाय दिसतंय हे विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलं. पोलिसांनी 42 वर्षांच्या एका माणसावर आरोप ठेवले, तो पर्थ, मेलबर्न, ॲडलेडच्या विमानतळांवर आणि विमानात खऱ्यासारख्याच नावाचं वायफाय चालू करायचा असं त्यांचं म्हणणं होतं. जोडणाऱ्याला एक पान दिसायचं, ईमेलने किंवा सोशल मीडियाच्या खात्याने साइन इन करा, आणि लोक करायचे. यात एन्क्रिप्शन कुठेच फोडलेलं नाही बघा, लोकांना फक्त विचारलं आणि त्यांनी दिलं. आज उघड्या वायफायचा खरा धोका असा असतो.

दुसरी पायरी: पत्ता स्वतः टाका आणि शेवटाकडून वाचा

सर्चमध्ये बँकेचं नाव टाकून पहिल्या लिंकवर जाऊ नका, मेसेजमधल्या लिंकवर तर नाहीच. घरी असताना एकदा बुकमार्क करून ठेवा, पुढे `https://` असलेला पूर्ण पत्ता. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये सगळ्या बँकांना `.bank.in` वर जायला सांगितलं, मुदत होती 31 ऑक्टोबर 2025, आणि हे पत्ते आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेनेच हैदराबादला उभारलेल्या संस्थेमार्फत फक्त बँकांनाच मिळतात. सहकारी बँकासुद्धा यात आल्या, त्यामुळे आपल्या गावच्या अर्बन बँकेचा पत्ताही आता असाच बघायचा.

समजा बँकेचं नाव आमचीबँक आहे (हे मी बनवलेलं नाव आहे):

```
amchibank.bank.in
amchibank-bank.in
amchibank.bank.in.kyc-login.com
```

यातला फक्त पहिला बँकेचा असू शकतो. दुसऱ्यात टिंबाच्या जागी आडवी रेघ आहे, म्हणजे तो `.in` मधला साधा पत्ता, कुणीही घेऊ शकतो. तिसऱ्यात बँकेचं पूर्ण नाव आहे खरं, पण पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा भाग शेवटाकडून वाचला की कळतं मालक `kyc-login.com` आहे. आणि एक लक्षात घ्या, खोट्या साइटलाही https असतं आणि तिचं कुलूपही खरं असतं, फक्त ते चोराच्या सर्व्हरवर उघडतं. क्रोमने 2023 मध्ये पत्त्याशेजारचं कुलपाचं चित्र काढून टाकलं ते याचसाठी, लोक कुलूप बघून साइट खरी समजायचे. म्हणून कुलूप बघून थांबू नका, नाव वाचा.

तिसरी पायरी: लाल इशारा आला तर

मावशीला नेमका हाच आला. बुकमार्कवरून बँक उघडली आणि समोर `Your connection is not private`, खाली बारीक अक्षरात `NET::ERR_CERT_COMMON_NAME_INVALID`. ती घाबरली. मी विचारलं, वायफायचं ओटीपीवालं पान केलंस का? नव्हतं केलं. काही राऊटर लॉगिन होईपर्यंत प्रत्येक पान अडवून स्वतःकडे वळवतात, बँकेचं पान मागितलं तरी राऊटर स्वतःच उत्तर देतो, त्याच्याकडे बँकेच्या नावाचं सर्टिफिकेट नसतं, आणि ब्राउझर अडवतो. चोराने वळवलं असतं तरी अगदी हेच दिसलं असतं! दोन्हींतला फरक बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून `Advanced` दाबून पुढे जायचं नाही, कधीच नाही. बऱ्याच बँकांच्या साइटवर पुढे जायचं बटणच येत नाही, कारण साइटने ब्राउझरला आधीच बजावून ठेवलेलं असतं की माझ्याशी कुलपाशिवाय बोलू नकोस.

मग करायचं काय? टॅब बंद करा. नव्या टॅबमध्ये `http://neverssl.com` उघडा, ही मुद्दाम https नसलेली साइट आहे, त्यामुळे वायफायचं अडलेलं लॉगिन पान समोर येतं. ते पूर्ण करा, मग बँकेचा बुकमार्क पुन्हा उघडा. मावशीचा इशारा तेवढ्यानेच गेला. कोड `NET::ERR_CERT_DATE_INVALID` असेल तर आधी लॅपटॉपची तारीख बघा, ती चुकलेली असली की चांगली सर्टिफिकेटंही बाद दिसतात. आणि एवढं करूनही इशारा राहिला तर वायफाय बंद, मोबाईल डेटा चालू.

हा इशारा कसा दिसतो ते घरी निवांत बघायचं असेल तर `expired.badssl.com` उघडा, सरावासाठीच बनवलेली साइट आहे, मी घरातल्या सगळ्यांना दाखवलीय.

ॲप, व्हीपीएन आणि हॉटस्पॉट

फोनवर बँकेचं ॲप असेल तर ब्राउझरपेक्षा ते बरं, कारण पत्ता ॲपमध्येच असतो, चुकीचा टाइप व्हायचा प्रश्न नाही, आणि सर्टिफिकेट जुळलं नाही तर नीट बनवलेलं ॲप सरळ जोडतच नाही. पण ॲप अपडेट ठेवा. 2017 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांना काही बँक ॲपमध्ये हीच तपासणी कच्ची सापडली होती, नंतर ती दुरुस्त झाली, पण दुरुस्ती अपडेट करणाऱ्याच्याच फोनवर पोचते.

व्हीपीएनबद्दल जाहिराती बघून लोक फार भाबडे होतात. व्हीपीएन तुमचा ट्रॅफिक कॅफेवाल्यापासून लपवतो आणि व्हीपीएन कंपनीकडे नेतो, म्हणजे विश्वास एकाऐवजी दुसऱ्यावर ठेवलात. खोट्या साइटवर पासवर्ड टाकलात तर व्हीपीएन तो पासवर्ड चोख पोचवतो. अनोळखी फुकट व्हीपीएनपेक्षा स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट कधीही चांगला, रेंज असेल तर तोच लावा, पहिल्या पायरीची गरजच उरत नाही.

सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर मात्र बँक उघडू नका. नेटवर्क दुसऱ्याचं चालतं, मशीन दुसऱ्याचं चालत नाही, कारण कुलूप मशीनच्या आत लागतं आणि तुम्ही टाइप केलेलं प्रत्येक अक्षर त्याआधीच टिपता येतं. तेच तुमच्या फोनबद्दल, व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल इन्स्टॉल केलेली असेल तर कॅफे काय आणि घर काय. आणि कॅफेत बसताना पाठ भिंतीकडे करा, मागच्या माणसाला डोळ्यांनी पिन दिसतो, त्याला हॅकिंग लागत नाही.

चुकून माहिती दिली गेलीच तर

वायफाय बंद करा, मोबाईल डेटावरून पासवर्ड बदला, आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला कळवा, सर्चमध्ये सापडलेल्या नंबरवर नाही. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन करा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार टाका. इथे लाजून वेळ घालवू नका. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकात असं आहे की पासवर्ड किंवा ओटीपी ग्राहकाच्या चुकीने गेला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतर होणारं बँकेचं. त्यामुळे आधी कळवा, तक्रारीचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा, घरच्यांना नंतर सांगा.