एकदा पाहिलेले पैंजण पुन्हा किती वेळा दाखवावेत?

जळगावच्या सराफ बाजारातल्या एका लहान चांदीच्या दुकानाच्या ऑनलाइन जाहिराती मी सांभाळतो. या कामात नव्याने येणाऱ्यांना रीटार्गेटिंग सोपे वाटते, कारण ज्याने वेबसाइटवर एखादी वस्तू पाहिली त्यालाच ती पुन्हा दाखवायची असते. ती किती वेळा दाखवायची, हे ठरवणे मात्र अवघड असते.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या दिवसांचे उदाहरण घेऊ. माहेरी येणाऱ्या लेकीसाठी पैंजण पाहणाऱ्यांची गर्दी या काळात वाढते. वस्तूचे पान उघडले की वेबसाइटवर बसवलेल्या मेटाच्या पिक्सेल या कोडकडून `ViewContent` ही नोंद जाते आणि खरेदी झाली की `Purchase`. गेल्या 14 दिवसांत पहिली नोंद झालेले लोक घ्यायचे आणि त्यांतून दुसरी नोंद झालेले वगळायचे, एवढ्यावर यादी तयार होते. समजा या यादीत 900 जण आहेत, हजार वेळा जाहिरात दाखवण्यास 100 रुपये लागतात आणि मालकाने रोजचे 300 रुपये ठरवले आहेत. म्हणजे रोज 3,000 वेळा जाहिरात दिसणार, माणशी तीनहून अधिक वेळा, आणि आठवड्यात सुमारे 23 वेळा. पैंजणांचा एक जोड आठवड्यात 23 वेळा समोर आला, तर आवडलेली वस्तूही नकोशी होते.

गुगलच्या डिस्प्ले मोहिमेत एका माणसाला दिवसाला, आठवड्याला किंवा महिन्याला किती वेळा जाहिरात दिसावी याची फ्रीक्वेन्सी कॅप सेटिंगमध्येच घालता येते. मेटावर विक्रीच्या उद्दिष्टाने चालवलेल्या मोहिमेत अशी पक्की मर्यादा सहसा मिळत नाही, म्हणून तिथे लहान यादीपुरते तरी बजेट हीच खरी मर्यादा असते, आणि मी हिशेब उलट्या बाजूने करतो. आठवड्याला माणशी पाच वेळा पुरे असे धरले, तर 900 जणांसाठी 4,500 वेळा जाहिरात दाखवावी लागेल. त्याला आठवड्याचे 450, म्हणजे रोजचे सुमारे 65 रुपये लागतील. उरलेले पैसे नवे लोक वेबसाइटवर आणण्यासाठी वापरावेत, असे मी मालकांना आग्रहाने सांगतो. पाच हा आकडा चांदीच्या वस्तूसाठी माझ्या अंदाजाने ठरवलेला आहे. मसाल्यासारख्या लगेच ठरणाऱ्या खरेदीत तो आणखी कमी ठेवावा, असे माझे मत आहे.

त्यातही सरासरीवर विसंबू नये. अहवालातली फ्रीक्वेन्सी म्हणजे एकूण दर्शने भागिले पोहोचलेली माणसे. ती पाच दिसत असली, तरी दिवसभर फोन हातात असणाऱ्याला जाहिरात पंधरा वेळा दिसलेली असू शकते आणि क्वचित फोन उघडणाऱ्याला एकदाच. म्हणून मी गेल्या सात दिवसांची फ्रीक्वेन्सी आणि क्लिकचे प्रमाण शेजारी शेजारी ठेवून पाहतो. पहिली चढत असताना दुसरे सलग उतरू लागले, तर लोक कंटाळले असण्याची शक्यता मोठी असते. जाहिरातीखालच्या प्रतिक्रियाही रोज वाचाव्यात. ‘लिधं ना भो, आते बस!’ अशी एखादी ओळ तिथे दिसली, तर समजावे की खरेदी झालेला माणूस यादीत अजून तसाच राहिला आहे.

आपल्याकडे असे वारंवार घडते, आणि नवख्यांचे सर्वांत कमी लक्ष जाते ते इथेच. चोपड्याची किंवा यावलची ग्राहक वस्तू वेबसाइटवर पाहते, किंमत व्हॉट्सॲपवर विचारते आणि शेवटी जळगावला येऊन दुकानातच रोख पैसे देते. तिच्या खरेदीची `Purchase` नोंद पिक्सेलकडून कधीच जात नाही. मग वेबसाइटच्या दृष्टीने ती ‘पाहिले, पण घेतले नाही’ अशीच राहते आणि पायात पैंजण असतानाही जाहिरात तिचा पाठलाग करते. यावर उपाय म्हणजे बिल करताना विचारून, संमती घेऊन, मोबाइल क्रमांक नोंदवावा, देशाचा 91 हा संकेतांक जोडून ती यादी ठरावीक दिवसांनी मेटावर ग्राहक यादी म्हणून चढवावी आणि मोहिमेतून ती वगळावी. सगळे क्रमांक जुळत नाहीत, कारण अनेकांचे खाते दुसऱ्याच क्रमांकावर असते, किंवा घरात फोन एकाचा आणि पाहणारे चौघे असतात. तरीही जेवढे जुळतील, तेवढ्यांचा त्रास थांबतो.

मुदतीचेही असेच आहे. मेटावर वेबसाइटच्या पाहुण्यांची यादी 180 दिवसांपर्यंत ठेवता येते, पण तेवढी सवलत मिळते म्हणून ती पूर्ण वापरू नये. आखाजीसाठी पैंजण पाहणाऱ्याचा निर्णय सणापर्यंतच होतो. 14 दिवसांची यादी मात्र आपोआप सणाच्या पुढे चालू राहते, म्हणून त्या जाहिरातीची समाप्तीची तारीख मी मोहीम सुरू करतानाच आखाजीच्या आदल्या रात्रीची घालतो.