टपरीचा चहा दुकानांत पोहोचवायचा? आधी फेरी ठरवा, मग पेज काढा

लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीत बाबांची चहाची टपरी आहे. घरपोच चहाचं पेज मी काढलं तेव्हा पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं, "पुण्यात कुठेही चहा पोहोचवू." दुसऱ्या दिवशी कोथरूडहून सहा कटिंगची ऑर्डर आली. गाडी काढून नेऊन दिले, पण जाऊन-येऊन तास गेला. मी परतेपर्यंत टपरीवर गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं आणि बाबा एकटेच गाळत होते. रात्री ते एवढंच म्हणाले, "अरे, आधी आपल्या गल्लीतल्यांना तर पाज." ती पोस्ट मी तेव्हाच काढली. तुम्ही सुरू करणार असाल, तर खालच्या क्रमाने करा.

आधी पायी फिरा. भरलेला थर्मास हातात घेऊन टपरीपासून दहा मिनिटांत जिथवर पोहोचता येतं, तेवढाच आपला इलाका. प्रत्येक दुकानात दोनच गोष्टी विचारा: चहा किती वाजता लागतो आणि किती कप. आमच्याकडे बहुतेकांनी अकरा आणि चार या वेळा सांगितल्या, म्हणून दोन फेऱ्या ठरवल्या. एकेका ऑर्डरमागे धावायचं नाही. अकराच्या फेरीची ऑर्डर साडेदहापर्यंत, चारची साडेतीनपर्यंत. त्यानंतर आलेली पुढच्या फेरीला. हे पाळलं की एकदाच आधण ठेवून सगळ्यांचा चहा ताजा होतो.

मग हिशेब. टपरीवर कटिंग १० रुपयांना, पोहोचवून १२ ला. दूध, साखर, पावडर, आलं आणि गॅस मिळून आम्हाला कपामागे साधारण ६ रुपये पडतात, म्हणजे उरतात ६. फेरीला जाणाऱ्या मुलाला दिवसाचे २०० द्यायचे, तर ३४ कप निव्वळ त्याच्या पगारात जातात. म्हणून ४० कपांची खात्री होईपर्यंत मी मुलगा ठेवला नाही, स्वतःच फिरलो. तुमचे आकडे वेगळे असतील, पण ही वजाबाकी कागदावर केल्याशिवाय माणूस ठेवू नका. एका ठिकाणी किमान चार कप, हा नियमही त्यातूनच आला.

थर्मासवर पैसे वाचवू नका. कटिंग ७० मिलीचं धरलं तर लिटरच्या थर्मासात १४ कप बसतात. आम्ही लिटरचे दोन नेतो, एक साखरेचा आणि एक बिनसाखरेचा. झाकणाला लाल दोरा बांधलेला तो बिनसाखरेचा. चहा ओतण्याआधी थर्मासात उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवा आणि मग ते ओतून टाका, नाहीतर थंड स्टीलच चहाची ऊब खातं. चहा पूर्ण गाळूनच भरा, पावडर आत राहिली तर शेवटच्या दुकानापर्यंत तो कडू होतो. भरलेला थर्मास बाहेरून कोमट लागायला लागला, तर त्याची आतली पोकळी गेली असं समजा आणि तो बदला.

हे सगळं बसल्यावरच पेज. नावात टपरीचं नाव आणि पेठ दोन्ही घाला, शोधणाऱ्याला जवळचं कोण ते लगेच कळतं. फोटो बाबांच्या हातून किटलीतला चहा ग्लासात पडतानाचा, सकाळच्या उन्हात काढलेला. नेटवरचा आयता फोटो लावू नका. सगळ्यात वर एकच पोस्ट पिन करा:

"फेरी ११ आणि ४. ऑर्डर अर्धा तास आधी. कटिंग १२ रु., किमान ४ कप. टपरीपासून दहा मिनिटांच्या अंतरातच. ऑर्डर फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर."

ते शेवटचं वाक्य मी चूक करून शिकलो. एका कापडदुकानाने आठ कप कॉमेंटमध्ये लिहिले होते आणि मी ते संध्याकाळी पाहिले. आता पेजवरचं बटण थेट व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर नेतं. तिथे वेळेबाहेर आपोआप जाणारा निरोप लावलाय: "ऑर्डर मिळाली, पुढच्या फेरीला देतो." अन्न नोंदणी नसेल तर तीही पेज सुरू करण्याआधीच करून घ्या. तिचा १४ अंकी नंबर मोठी ऑफिसं आधी विचारतात.

काचेचे ग्लास न्याल तर मोजून द्या आणि मोजून घ्या. पहिल्या आठवड्यात आमचे नऊ गेले. आता वहीत दुकानाच्या नावापुढे तीन रकाने आहेत: कप, ग्लास, पैसे. अकराचे ग्लास चारच्या फेरीत परत येतात, चारचे मी टपरी बंद करताना गोळा करतो. उधारी शनिवारपर्यंतच, तोवर हिशेब चुकता झाला नाही, तर पुढच्या आठवड्यात रोख.

रात्री झाकणाचं रबर काढून वेगळं धुवा आणि थर्मास उघडाच पालथा ठेवा. रबराखाली दुधाचा थेंब राहिला तर सकाळी झाकण उघडताच आंबूस वास येतो, आणि त्या दिवशी तो थर्मास फेरीवर जात नाही.