बालकथाकथन स्पर्धेचं परीक्षण करताना या चुका टाळा

बेळगाव-खानापूर भागातल्या मराठी शाळांत पहिली-दुसरीच्या मुलांची कथाकथन स्पर्धा असली की गुणपत्रकावर चार रकाने असतात: आवाज, क्रम, हावभाव, श्रोत्यांशी संवाद. प्रत्येकाला १० गुण. रकाने ठीकच असतात, घोळ भरणाऱ्याकडून होतो.

सगळ्यात जास्त घोळ क्रमात होतो. न अडखळता बोललं की क्रम चांगला, असं धरून चालतात. एका शाळेत दोन मुलांनी कावळा-चिमणीचीच गोष्ट सांगितली. मुलगी धडाधड बोलली, पण पावसाचा भागच गाळला. कावळा थेट चिमणीचं दार वाजवायला हजर. का आला, पत्ता नाही. तिला क्रमात ९. मुलगा दार वाजवण्यापर्यंत आला, थांबला, म्हणाला, "आधी पाऊस आलता, कावळ्याचं घर वाहून गेलतं," आणि पुढं गेला. त्याला ५, कारण "विसरला". मी सहपरीक्षकांशी चांगलाच वाद घातला. त्या पोराला पाऊस का हवा ते कळलं होतं. पाठांतर करणाऱ्याला असं मागं जाऊन दुरुस्त करता येत नाही.

माझी सवय अशी: मूल उभं राहण्याआधी गोष्टीचं नाव विचारायचं आणि कागदावर पाच टप्पे लिहायचे. इथं शेणाचं घर, मेणाचं घर, पाऊस, दार वाजवणं, शेवट. ऐकताना खुणा करायच्या. टप्पा गळला तर २ गुण कमी, उलटा आला पण मुलानंच सावरला तर १. या हिशेबानं मुलीला ८ आणि मुलाला ९. अनोळखी गोष्ट असेल तर बाईंकडून आधी दोन ओळींत ऐकून घ्या. एवढाही वेळ नसेल त्यानं परीक्षक म्हणून बसू नये.

आवाज म्हणजे आरडाओरडा नव्हे. माईक मोठ्यांच्या उंचीवर ठेवून पोराला "मोठ्यानं बोल" म्हणणं तर अन्यायच. मी शेवटच्या रांगेत बसते. तिथं शब्द कळले आणि कावळा-चिमणीचा आवाज वेगळा वाटला की पुरे. खानापूरकडं पत्र्यावर पाऊस सुरू झाला तर स्पर्धा थांबवा. त्या आवाजात दिलेले गुण खरे नसतात.

"आलता, गेलतं" म्हटलं म्हणून किंवा एखादा कन्नड शब्द आला म्हणून गुण कापू नका. त्याला रकाना नाही.

हावभावात हात नव्हे, डोळे बघा. शिकवलेले हात वाक्याच्या आधीच वर जातात.

संवाद म्हणजे टाळ्या मोजणं नव्हे. वर्गमित्र कशालाही हसतात. हशा ओसरेपर्यंत मूल थांबतं का, ते बघा.

पहिल्या स्पर्धकाचे गुण पेन्सिलीनं लिहा, दोघं-तिघं ऐकून झाल्यावर पक्के करा. आणि बेरीज सारखी आली तर कोणता रकाना आधी बघायचा ते स्पर्धेआधीच ठरवा. मी क्रम बघते.