कामातली चूक लिहून सांगायचीय, पण माणूस दुखवायचा नाही? असं लिहा

देवगडकडच्या आंब्याच्या पॅकिंग शेडचं उदाहरण घेऊ. वाशीहून दलालाचा फोन आला की पाच डझनी पेटीत खालच्या थराला सहा डझनीची बारकी फळं निघाली, आणि मालकाने रागाच्या भरात ग्रुपवर टाकलं, "बाबू, तुझं लक्ष नेहमीच मोबाईलमध्ये, इज्जत घालवलीस." आता बाबूला नक्की काय सुधारायचं ते कळलंच नाही, आणि वीस जणांसमोर लाज गेली ती वेगळीच.

आधी तो मेसेज खोडा आणि वही उघडा. किती पेट्या, कुठल्या तारखेच्या, त्या दिवशी ग्रेडिंगला खरंच तोच होता का? हे न बघता लिहिलं तर पुढचं सगळं फुकट.

मग तीनच गोष्टी लिहा: कधी, काय केलं, त्याने काय झालं. "नेहमी", "कधीच", "निष्काळजी" असले शब्द दिसले की काढा आणि त्या जागी तारीख नाहीतर आकडा घाला. आकडा मिळत नसेल तर ती तक्रार तुमच्या अंदाजावरच चाललीय असं समजा.

चांगलं लिहायचं ते पण तितकंच नेमकं हवं. "तू चांगला पोरगा आहेस, पण..." असं लिहिलंत तर समोरचा "पण"च्या पुढचंच वाचतो, त्यामुळे कौतुक वेगळ्या वाक्यात द्या आणि खरं असेल तेवढंच द्या, उगाच गोड लावायला नको.

आता हाच मेसेज, फक्त त्याच्या नंबरवर:

"बाबू, 12 एप्रिलच्या 40 पेट्यांतल्या 6 पेट्यांत खालच्या थराला बारीक फळं निघाली. त्या 6 पेट्यांचा दर दलालाने कमी लावला. डागी फळ मात्र एकही गेलं नाही, देठाचा चीक लागलेली तू बरोबर बाजूला काढलीस. त्या दिवशी संध्याकाळी घाई झाली होती का, की वजनकाटा नीट चालत नव्हता? उद्यापासून खालचा थर लावून झाला की पेटी बंद करायच्या आधी मला दाखव. शनिवारी आपण बघू किती फरक पडला."

त्यातला प्रश्न विसरू नका हां, कारण बरेचदा गडबड काट्यात असते नाहीतर दोन माणसांचं काम एकावर पडलेलं असतं, आणि ते बाबूच सांगू शकतो. सुधारणा एकच सांगा, पाच सांगितल्या तर एकही होत नाही.

लिहून झालं की लगेच पाठवू नका, जेवून या आणि मग वाचा. हे वाक्य त्याच्या आईसमोर मोठ्याने वाचता येईल का? नाही येणार असं वाटलं तर तेवढंच बदला.

आणि प्रकरण चोरीचं, दारू पिऊन कामावर येण्याचं असेल तर मेसेज नकोच. आधी समोर बसून बोला, मग झालेलं बोलणं लिहून दोघांकडे ठेवा.