गावात संस्था, पण कमाईही: ट्रस्ट, सोसायटी की कलम ८ ची कंपनी?

तुरीचा हंगाम सरला की माझ्याकडे नवी संस्था काढणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या संस्थांचे हिशेब लिहिणे हे माझे काम. मागच्या वर्षी घाटंजी तालुक्यातले नऊ जण आले. ते गावातल्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवतात, आणि जोडीला एक मिनी डाळमिल. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "सर, आम्हाले नफा नाही पायजे, पण पोराईचे पगार तं निघाले पायजेत." या एका वाक्यात सगळा विषय आला. म्हणून त्यांचेच उदाहरण घेऊन पायऱ्या सांगतो. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी गोल केले आहेत.

पहिली पायरी: वाढावा कुणाचा, ते आधी ठरवा

नोंदणीचा अर्ज हातात घेण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसून एकच प्रश्न सोडवायचा. वर्षाअखेरीस खर्च जाऊन जे उरेल, ते सभासदांच्या खिशात जायला हवे आहे का? उत्तर "थोडे तरी" असे आले, तर या तिन्ही प्रकारांचा नाद सोडा. त्यासाठी शेतकरी उत्पादक कंपनी आहे. तिला किमान दहा उत्पादक सभासद लागतात, आणि ज्याने जितका माल दिला त्या प्रमाणात त्याला बोनस देता येतो.

ट्रस्ट, सोसायटी आणि कलम ८ ची कंपनी या तिघींत वाढावा वाटता येत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम ८ खाली परवाना मिळतो तोच मुळी लाभांश देणार नाही या अटीवर. कंपनी बंद पडली तर उरलेली मालमत्ता सारख्या उद्देशाच्या दुसऱ्या कलम ८ कंपनीकडे जाते, नाहीतर विकून पैसे सरकारी निधीत जमा होतात. सोसायटी १८६० च्या कायद्याखाली असते. ती मोडली तरी शिल्लक सभासदांत वाटता येत नाही, दुसऱ्या सोसायटीला द्यावी लागते. "कंपनी" शब्द ऐकून काहींना वाटते की इथे शेअर आहेत म्हणजे कधीतरी काही मिळेल. मिळत नाही.

मग पगार? वाटप वेगळे आणि कामाचा मोबदला वेगळा. कलम ८ कंपनीच्या घटनापत्राच्या ठरावीक नमुन्यातच लिहिलेले असते की सभासदाने प्रत्यक्ष केलेल्या कामाचा वाजवी मोबदला, त्याने दिलेल्या कर्जावर वाजवी व्याज आणि त्याच्या जागेचे वाजवी भाडे देता येते. सभासद म्हणून जे करायचेच असते, त्याचे पैसे मात्र नाहीत. म्हणजे बैठकीला आल्याबद्दल मानधन नाही, पण रोज चार तास अभ्यासिका घेणाऱ्याला पगार चालतो. त्यासाठी नेमणुकीचा ठराव, हजेरी आणि बँकेतून दिलेली रक्कम, हे तीन कागद ठेवा. ट्रस्ट असेल तर विश्वस्ताला मोबदला देण्याची तरतूद डीडमध्येच लिहून घ्या. मागाहून घालायला गेलात तर त्रास होतो.

सगळ्यात जास्त घोळ "वाजवी" या शब्दावर होतो. या नऊ जणांची डाळमिल एकाच्या भावाच्या शेडमध्ये होती. गावात तसे शेड महिना ३,००० ला मिळते, हे देत होते ८,०००. जास्तीचे ५,००० दरमहा, म्हणजे वर्षाला ६०,०००. प्राप्तिकर खाते याला संस्थापकाच्या नातलगाला दिलेला लाभ समजते. त्यावर ३० टक्के, म्हणजे १८,००० रुपये कर, वर अधिभार-उपकर आणि दंड वेगळा. वाढावा वाटला नाही, पण मागच्या दाराने गेलाच की. आजूबाजूच्या दोन शेडवाल्यांकडून भाड्याचे पत्र घेऊन फाइलला लावले असते तर फरक तिथेच दिसला असता.

दुसरी पायरी: कमाईचा २० टक्क्यांचा हिशेब कागदावर मांडा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि नोटीस आली की माझ्याकडे धावतात. प्राप्तिकरात धर्मादाय कामाचे गट आहेत. गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत, पर्यावरण, योग असे काही ठळक गट, आणि बाकी सगळे "सार्वजनिक उपयोगाचे इतर उद्देश". आपल्याकडच्या संस्थांच्या उद्देशात "ग्रामविकास" हा लाडका शब्द असतो, आणि तो या शेवटच्या गटात जातो. त्या गटात व्यापारी स्वरूपाची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली की त्या वर्षाची करमाफी गेली. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, पण ही चौकट तीच आहे. संस्था ट्रस्ट आहे, सोसायटी की कंपनी, याने इथे काडीचा फरक पडत नाही.

आता त्यांचा हिशेब. देणग्या आणि अनुदान ९,६०,०००. डाळमिलची जमा ५,४०,०००. एकूण १५,००,०००. डाळमिलचा वाटा ३६ टक्के. बसत नाही.

मी विचारले, मिलच्या ५,४०,००० मध्ये काय काय आहे? तेव्हा कळले की १,९०,००० गावातल्या बायांची तूर भरडून देण्याची मजुरी आहे, जवळजवळ खर्चाएवढीच. उरलेले ३,५०,००० म्हणजे पाकीटबंद डाळ, जी नागपूरच्या प्रदर्शनांत बाजारभावाने विकली जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात हाच फरक केला आहे. खर्चाएवढे किंवा त्याहून नाममात्र जास्त शुल्क घेतले तर तो सहसा व्यापार धरत नाहीत, खर्चापेक्षा बरेच जास्त घेतले तर धरतात. पण मजुरी बाजूला काढली तरी ३,५०,००० म्हणजे १५ लाखांच्या २३ टक्क्यांहून जास्त. तरीही बाहेरच.

"मग उद्देशात फक्त शिक्षण लिहू, त्याला २० टक्के लागत नाही," असे एकाने सुचवले. युक्ती जुनी आहे, पण त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने सांगितले की शिक्षणसंस्थेचा जोडधंदा शिक्षणाशीच निगडित हवा. पाठ्यपुस्तके, मुलांची ने-आण, वसतिगृह हे त्यात बसते. डाळ नाही.

मार्ग निघाला तो असा. पाकीटबंद डाळ बायांच्या उत्पादक कंपनीकडे दिली, नफा त्यांनी रीतसर आपसात वाटावा. भरडाई मात्र संस्थेकडेच राहिली. आता संस्थेची जमा ९,६०,००० अधिक १,९०,०००, म्हणजे ११,५०,०००. भरडाई सगळीच्या सगळी व्यापार धरली तरी ती साडेसोळा टक्के होते. कुणी कितीही ताणले तरी धोका नाही. भरडाईचा दर कसा काढला, म्हणजे वीज, मजुरी, दुरुस्ती आणि किलोमागे किती, याचा एक कागद दरवर्षी ठरावासोबत ठेवायचा. मिलची वही आणि अभ्यासिकेची वही वेगळी.

वाढाव्याची आणखी एक मर्यादा असते. वर्षाच्या जमेतले ८५ टक्के उद्देशावर खर्च व्हायला हवेत, १५ टक्के बिनशर्त शिल्लक ठेवता येतात. इथे ९,७७,५०० खर्च आणि १,७२,५०० शिल्लक. नवी मोटर घेतली तर ती रक्कमही खर्चातच धरतात. शेड बांधायला जास्त साठवायचे असेल तर कारण लिहून ठराव करायचा आणि मुदतीत खात्याला विहित नमुन्यात कळवायचे, मग पाच वर्षांपर्यंत साठवता येते. मजुरी रोखीने देत असाल तर सांभाळा. एका माणसाला एका दिवसात १०,००० वर रोख दिले तर ती रक्कम खर्चात धरत नाहीत.

तिसरी पायरी: आता तिघींतून निवडा

वाढावा आणि कर तिघींना सारखेच, मग फरक कशात? तुमच्यावर नजर कुणाची, आणि कशासाठी कुणाची परवानगी लागते, यात.

महाराष्ट्रात सोसायटी काढली की सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. म्हणून लेटरहेडवर सोसायटीचा क्रमांक आणि "एफ" ने सुरू होणारा विश्वस्त क्रमांक असे दोन असतात. ट्रस्ट असो वा सोसायटी, नजर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची. जमीन विकायची, शेतजमीन दहा वर्षांहून किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने द्यायची, तर आधी परवानगी. कर्ज घ्यायचे तरी आधी परवानगी. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज.

सोसायटीला सात जण लागतात, खर्च कमी, आणि गावाला निवडणूक समजते. पण याच निवडणुकीत ती मरते. दोन गट होतात, दोघेही आपापला बदल अर्ज टाकतात, आणि निकाल लागेपर्यंत बँक खाते अडकते. अशी दोन प्रकरणे मी पाहिली आहेत. एकात अभ्यासिकेचे कुलूप तीन वर्षे उघडले नाही. ट्रस्टमध्ये निवडणुकीची भानगड नसते, पण डीड एकदा लिहिले की उद्देश बदलणे फार अवघड. कुणी आजोबांच्या नावे जमीन देत असेल आणि काम कधी बदलणार नसेल, तर ट्रस्ट बरा.

कलम ८ ची कंपनी दोन जणांवरही निघते, किमान भांडवल लागत नाही, आणि कर्जासाठी संचालक मंडळाचा ठराव पुरतो. या नऊ जणांना मोटर आणि शेडसाठी बँकेचे ४ लाख हवे होते, म्हणून त्यांनी कंपनी घेतली. जमीन सांभाळायची आणि कर्ज नको, असे असते तर मी सोसायटीच सुचवली असती.

चौथी पायरी: कागद

कंपनीचा अर्ज ऑनलाइन, स्पाइस प्लस या फॉर्मवर. परवाना आणि नोंदणी त्यातच होते. अडते ते नावांत आणि वीजबिलात. आधारवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, एका जागी वडिलांचे नाव अर्धे. डिजिटल सही काढण्यापूर्वी ते जुळवून घ्या. कार्यालयाच्या पत्त्यासाठी दोन महिन्यांच्या आतले वीजबिल आणि मालकाची संमती लागते. आमच्याकडे मीटर वारलेल्या आजोबांच्या नावे असते, मग संमती कोण देणार? वारसाच्या नावे मीटर करून घेणे हे पहिले काम, कंपनी नंतर. नोंदणी झाली की लगेच प्राप्तिकराची नोंद वेगळी करावी लागते. ती आपोआप मिळत नाही.

पुढचे वर्षभराचे काम असे: दर सहा महिन्यांत किमान एक मंडळाची बैठक, सीएचे लेखापरीक्षण, आणि हिशेबपत्रकांचा एओसी-४ व वार्षिक विवरणाचा एमजीटी-७ हे दोन फॉर्म. जमा शून्य असली तरी लेखापरीक्षण चुकत नाही. फॉर्मला उशीर झाला तर प्रत्येकी दिवसाला १०० रुपये, आणि त्याला वरची मर्यादा नाही. दोन्ही राहिले आणि ३०० दिवस गेले तर ६०,००० रुपये. सोसायटीत असा उशीर लोक वर्षानुवर्षे पचवतात, म्हणून गावाकडून आलेल्यांना कंपनीचा हा मीटर कळत नाही. सीएचा वर्षाचा खर्च आधी विचारून घ्या. तो अभ्यासिकेच्या एका शिक्षकाच्या दोन-तीन महिन्यांच्या पगाराएवढा निघत असेल, आणि कर्जाची गरज नसेल, तर सोसायटीकडे परत या.